मनातली जागल आणि न जाणारा विचार

"माझी मुलगी सात महिन्यांची आहे. दीड महिन्यापासून विळीवर भाजी चिरताना एकदम मनात येते की हिला या विळीने काही केले तर? अंगावर काटा येतो. माझा जीव आहे ती. सासूबाईंना अर्धवट सांगितले तर म्हणाल्या, 'तसं मनातच आनू नको माय, देवाचं नाव घे.' दिवसभर तेच करते, पण जितके नको म्हणते तितके जास्त येते. आता रात्रीपण येते. मी वेडी होत आहे का? माझ्या हातून खरंच काही होईल का?" (वर्धा जिल्ह्यातील एका गावातून)

ताई, तुम्ही जसं लिहिलंय त्यावरून हे वेड नाही. हा विचार तुम्हाला नकोसा आहे, त्याने अंगावर काटा येतो, तुम्ही त्याच्यापासून पळताय. असा विचार आणि तसं करण्याची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडातल्या संशोधकांनी नव्याने आई झालेल्या बायकांना याबद्दल खोदून विचारलं होतं. बाळ हातातून पडेल, गुदमरेल असे अपघाताचे विचार तर जवळजवळ सगळ्यांनाच येत होते. पण आपणच बाळाला काही करू, हा नकोसा विचार येऊन गेल्याचंही जवळपास निम्म्या बायकांनी सांगितलं. आपल्याकडे कोणी असं विचारत नाही आणि कोणी सांगत नाही, म्हणून प्रत्येकीला वाटतं की आपणच एक तशा. कोणत्या खुणा दिसल्या तर मात्र थांबायचं नाही, ते पुढे सांगते. आधी तो जात का नाही ते बघू.

तुम्ही लहानपणी वैद्याची गोष्ट ऐकली असेल. वैद्य पुडी देतो आणि सांगतो, औषध रामबाण आहे, फक्त घेताना माकड आठवायचं नाही. रोगी जन्मभर औषध घेऊ शकत नाही. आपण यावर हसतो, पण वैद्याच्या त्या एका अटीत काय दडलंय हे प्रयोग करून पाहायला 1987 साल उजाडलं. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना एकेकटं बसवलं आणि सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोला, पण पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर समोरची घंटी वाजवा. मिनिटाला एकदापेक्षा जास्त अस्वल येत राहिलं. खरी गंमत त्यानंतरची. पुढची पाच मिनिटं त्यांना म्हटलं, आता अस्वलाचा विचार खुशाल करा. दुसऱ्या एका गटाला सुरुवातीपासूनच ही मोकळीक होती. ज्यांनी आधी दाबून ठेवलं होतं, त्यांच्या मनात अस्वल त्या दुसऱ्या गटापेक्षा जास्त वेळा आलं. दाबलेलं उसळी मारून वर आलं.

असं का होतं, याचा खुलासा वेग्नरने 1994 साली मांडला. तो मी माझ्याकडे येणाऱ्यांना जागलीच्या भाषेत सांगते, कारण आपल्याकडे ते एका वाक्यात समजतं.

वावरात रानडुकरं येऊ नयेत म्हणून तुम्ही रात्री दोन माणसं ठेवली असं समजा. एकाचं काम डबा बडवायचा, आरोळ्या ठोकायच्या, शेकोटी पेटती ठेवायची. दुसरा मचाणावर बसून नुसती बॅटरी फिरवतो आणि डुक्कर आलं का ते बघतो. मनाला 'हे आणू नको' असं सांगितलं की मनातही अशीच दोन कामं सुरू होतात. एक भाग दुसरे विचार शोधून आणतो, म्हणजे स्वयंपाकाचे, पोरीच्या दुधाचे, देवाचे. हे जाणूनबुजून करावं लागतं आणि त्याला मेहनत लागते. दुसरा भाग गुपचूप तपासत राहतो की नको असलेला विचार आला तर नाही ना. त्याला मेहनत लागत नाही, तो आपल्या नकळत चालतो. पण डुक्कर ओळखायचं तर मचाणावरच्या माणसाला डुक्कर सतत ध्यानात धरावं लागतं. म्हणून त्याला प्रत्येक काळी सावली, प्रत्येक हललेलं झाड आधी डुक्करच वाटतं. तुमच्या मनातला हा जागल्या विळीचा विचार हातात धरून बसलाय, कारण तोच विचार शोधायला तुम्ही त्याला बसवलंय.

दोघंही ताजेतवाने असतात तोवर निभतं. डबा बडवणारा जोरात असतो, विचार दूर राहतो. पण मेहनत करणाऱ्याला थकवा येतो. पोरगी रात्री तीनदा उठते, सकाळी पाणी भरायचं, वेचणीचे दिवस असले की दुपारी वावरात, सांजेला पुन्हा चूल. अशा वेळी डबा बडवणारा डुलकी घेतो. जागल्याचं काम फुकटचं, तो डोळे उघडे ठेवून बसलेला असतो. मग फक्त त्याचीच बॅटरी चालू राहते. ज्यासाठी सगळा खटाटोप केला त्याच्या बरोबर उलट घडतं, म्हणून याला उपरोधी प्रक्रिया म्हणतात. ही नुसती कल्पना नाही. वेग्नरच्या सोबत्यांनी काही जणांना रात्री लवकर झोपी जायला सांगितलं आणि कानावर बँडबाजाचं कूचगीत लावलं. 'लवकर झोपा' असं सांगितलेल्यांना, 'वाटेल तेव्हा झोपा' म्हटलेल्यांपेक्षा झोप लागायला जास्त वेळ लागला. मनावर दुसरं ओझं नसतं तर त्यांची धडपड कदाचित जमून गेली असती. पुढच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हाही हेच दिसलं की दाबत असतानाच विचार वाढणं मुख्यतः मनावर आणखी काही भार असेल तेव्हाच होतं. उसळी मात्र भार नसतानाही दिसते. तुम्हाला दीड महिन्यापूर्वी ते कधीमधी यायचं आणि आता रात्रीही येतं, याचं कारण मी तुमच्या झोपेत शोधेन, तुमच्या स्वभावात नाही. झोपण्याआधी पाच मिनिटं एखाद्या माणसाचा विचार दाबायला लावला तर तोच माणूस स्वप्नात जास्त येतो, हेही 2004 च्या एका अभ्यासात दिसलंय. स्वप्नात काही दिसलं तर त्याचा वेगळा अर्थ लावत बसू नका.

आता देवाच्या नावाचं. सासूबाईंवर रागावू नका, त्यांनी मायेनेच सांगितलं. तुमचं रोजचं नामस्मरण असेल तर ते तसंच चालू ठेवा. अडचण होते ती विचार आला की तो पुसायला नाव घेतल्याने. विचार दाबताना माणूस हाताला लागेल त्या गोष्टीकडे मन वळवतो. कधी भिंतीवरचं कॅलेंडर, कधी कढईतला आवाज, कधी नाव. त्या प्रत्येक गोष्टीला तो विचार चिकटतो, कारण दोन्ही एका वेळी मनात होते. काही दिवसांनी कॅलेंडर पाहिलं तरी तेच आठवतं. विचार दाबताना जी चित्रं समोर होती तीच चित्रं नंतर पुन्हा दाखवली तर उसळी जास्त मोठी येते, असंही आढळलंय. तुमचा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला की छातीत धडधड होत असेल तर त्याचं कारण हे असू शकतं. वेग्नरच्याच प्रयोगात काही जणांना सांगितलं होतं की अस्वल आलं की दर वेळी एकाच गोष्टीचा, लाल फोक्सवॅगन गाडीचा, विचार करा. त्यांच्यात नंतरची उसळी कमी दिसली, कारण अस्वल एकाच खुंटीला बांधलं गेलं, घरभर पसरलं नाही. प्रयोगातल्या अस्वलासाठी हे ठीक. ज्या विचाराची खरोखर भीती वाटते त्यावर मी ही युक्ती वापरत नाही. देवाचं नावच ती खुंटी झालं तर उद्या आरतीला उभं राहिलं तरी विळी आठवेल, आणि मग बाई म्हणते माझी भक्तीच नासली. अशा दोन-तीन जणी मी पाहिल्यात.

तुमच्यासारखीच एक बाई काही वर्षांपूर्वी आशाताईंसोबत माझ्याकडे आली होती. वय चोवीस, दुसरं बाळंतपण, मुलगा पाच महिन्यांचा. तिने आधी विळी माळ्यावर ठेवली. मग भाजी चिरायचं काम जावेकडे दिलं. मग कात्री, मग आंघोळीचं गरम पाणी. माझ्यापर्यंत पोचली तेव्हा ती बाळासोबत एकटी खोलीत बसत नव्हती. सासरचे म्हणायचे, कामचुकार झाली. तिने कोणाला खरं कारण सांगितलंच नव्हतं.

मी तिच्यापुढे एक वाटी तुरीच्या दाण्यांची आणि एक रिकामी वाटी ठेवली. मोबाइलवर पाच मिनिटं लावली आणि म्हटलं, तो विचार अजिबात आणायचा नाही, आलाच तर एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. नऊ दाणे पडले. चौथ्या मिनिटाला ती रडकुंडीला आली होती. मग पुन्हा पाच मिनिटं, पण आता म्हटलं, येऊ दे, ढकलू नको, बोलावूही नको, फक्त दाणा टाक. चौदा पडले. ती घाबरून माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हटलं, हीच ती उसळी, मघाचे नऊ रोखून धरले त्याचं हे व्याज. चार दिवसांनी तिला सुरुवातीपासूनच मोकळीक दिली तेव्हा सहा पडले. एका बाईचे दाणे म्हणजे पुरावा नाही. चार दिवसांत तिची धास्तीही थोडी उतरली असेल. पण तिला दहा वेळा समजावून जे पटलं नसतं ते त्या दोन वाट्यांनी पटलं.

मग आम्ही विळी माळ्यावरून खाली आणली. पहिल्या दिवशी ती फक्त समोर ठेवून बसायचं, बाळ जावेजवळ. भीती दहापैकी किती, विचारलं तर म्हणाली नऊ. काहीही न करता बसलो. नाव नाही, बोलणं नाही, 'काही होणार नाही ना ताई' हेही नाही. अर्ध्या तासाने पाचावर आली. भीती आपणहून उतरते हे तिला तोवर माहीतच नव्हतं, कारण दर वेळी ती उतरायच्या आधीच पळत होती. दुसऱ्या आठवड्यात बाळ पाळण्यात आणि ती चार हातांवर कांदा चिरत. विचार आला की मनात एवढंच म्हणायचं, 'आला, येऊ दे', आणि कांदा चिरत राहायचा. हात थांबवायचा नाही, वेगही वाढवायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात ती घरात एकटी होती.

आणि तिथेच गाडी अडली. ती म्हणाली, ताई, आता मी दिवसातून शंभर वेळा 'येऊ दे' म्हणते, तरी तो जात नाही.

या वाक्यातलं 'तरी' नीट बघा. तिने 'येऊ दे' चा मंत्र करून टाकला होता. तोंडाने येऊ दे आणि आतून जा, जा. मी विचारलं, म्हटल्यावर काय करतेस? म्हणाली, बघते ना गेला का. तो बघणारा म्हणजे मचाणावरचा जागल्या. जोवर 'गेला का?' ही विचारणा चालू आहे तोवर बॅटरी फिरतेच, शब्द कोणतेही असोत. येऊ देणं आणि दाबणं यांतला फरक शब्दांवरून कळत नाही, त्यानंतर तुम्ही तपासता का यावरून कळतो. इथे माझीही चूक होती. ते वाक्य मीच तिला दिलं होतं आणि ते कसं वापरलं जाईल याचा विचार मी केला नव्हता. आम्ही ते वाक्य काढून टाकलं. त्याऐवजी ठरवलं की विचार असो नसो, चिरलेल्या कांद्याच्या फोडी सारख्या हव्यात. विचार मोजायचेही बंद केले, दाण्यांची वाटी मी परत घेतली, कारण मोजणं हाही पहाराच. त्यानंतर साधारण महिनाभराने ती म्हणाली, येतो अजून, पण आला ते कधी कधी नंतर लक्षात येतं. मला तेवढंच हवं होतं.

थोडं दुसरं मतही सांगते. विचार दाबणं नेहमीच उलटतं असं सगळे मानत नाहीत. केंब्रिजमधल्या संशोधकांचा एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्यांनी 16 देशांतल्या 120 लोकांना तीन दिवस सराव दिला होता. भीतीच्या प्रसंगाची आठवण करून देणारा शब्द समोर बघत राहायचं, पण त्याचं चित्र मनात उमटू द्यायचं नाही. अशांच्या मनात त्या भीती वाढल्या नाहीत, उलट फिक्या झाल्या. माझं वाचन असं की तिथे माणूस आठवण करून देणाऱ्या गोष्टीकडे सरळ पाहत होता, पळत नव्हता, आणि सराव थोड्या वेळाचा, ठरलेला होता. दिवसभर 'आला तर नाही ना' असा पहारा देणं ही वेगळी गोष्ट. तरी हा वाद अजून मिटलेला नाही. तुमच्यासारख्या विचारांवर, जिथे भीती आणि पळणं दोन्ही जोडलेलं आहे, मी अजून तरी समोर बसण्याचीच पद्धत वापरते.

आता त्या खुणा. बाळाला काही करावं असं सांगणारा आवाज कानात येत असेल, बाळ आपलं नाही किंवा त्याच्यात काही शिरलंय अशी खात्री वाटत असेल, तो विचार भीतिदायक न वाटता बरोबर वाटू लागला असेल, किंवा दोन-तीन रात्री झोप नसूनही थकवा जाणवत नसेल, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जायचं, आणि तोवर बाळासोबत घरातलं एक माणूस ठेवायचं. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तरी तेच. रात्री-अपरात्री 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. यातलं काही नसेल, पण विचार दिवसाचे तासन्तास खात असेल, तर ती मंत्रचळाची सुरुवात असू शकते. मग माझ्या सांगण्यावर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. अंगावर पाजत असतानाही देता येतील अशी औषधं आहेत, कोणती ते डॉक्टर ठरवतील.

तुमच्या पत्रात मला तसं काही दिसत नाही, म्हणून सुरुवात घरी करता येईल. आधी झोप. रात्रीच्या तीन उठण्यांपैकी एक नवऱ्याने किंवा सासूबाईंनी घ्यावी. डबा बडवणारा ताजा झाला की निम्मं ओझं उतरतं. मग विळी. ती लपवली असेल तर जागेवर आणा, चिरायचं काम दुसऱ्याला देऊ नका, आणि 'माझ्या हातून काही होणार नाही ना' हे घरच्यांना रोज विचारणं बंद करा. त्याचं उत्तर अर्धा तास पुरतं, मग पुन्हा विचारावंसं वाटतं. सासूबाईंना मात्र एकदा पूर्ण सांगा. अर्धवट सांगितल्याने त्यांना वाटतं तुम्हाला कसलीतरी बाधा आहे.

आणि एक. मुलगी सात महिन्यांची म्हणजे आता सरकत, रांगत विळीपाशी येईल. तेव्हा चिरताना ती पाळण्यात किंवा कोणाच्या मांडीवर असावी, काम झालं की विळी मिटून वर ठेवावी. हे प्रत्येक आई करते आणि तुम्हीही करा. फक्त ती फळीवर ठेवल्यावर दर पाच मिनिटांनी जाऊन पाहू नका.